विडालचा कागद हातात पडला, आता पुढे काय?

तालुक्याच्या गावात तापाचा रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दवाखान्यात आला की चिठ्ठीवर तीन तपासण्या हमखास येतात: सीबीसी, मलेरिया आणि विडाल. संध्याकाळपर्यंत कागद तयार होतो. त्यावर ‘ओ १:८०, एच १:१६०’ असे आकडे आणि खाली ‘पॉझिटिव्ह’. तासाभरात गावाकडे फोन जातो, ‘टायफाईड निघालाय.’ रात्रीपर्यंत सलाईन लागलेलं असतं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं सुरू होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात बीडपासून नांदेडपर्यंत हे रोज घडतं. त्यातल्या बऱ्याच जणांना टायफॉईड झालेलाच नसतो.

हा लेख त्या कागदाबद्दल आहे. विडाल बंद करा, असं मला म्हणायचं नाही. पण जिथे टायफॉईड घरोघरी होऊन गेलेला आहे, तिथे त्या आकड्यांवरून काय ठरवता येतं आणि काय येत नाही, हे एकेक पायरी घेत पाहू. नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेले डॉक्टर आणि छोट्या लॅबमधले तंत्रज्ञ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे; रुग्णाच्या घरच्यांनी वाचलं तरी अडणार नाही.

आधी हे बघा: तपासणी नेमकी कशी झाली?

विडालमध्ये जंतू शोधत नाहीत. रुग्णाच्या रक्तद्रवात टायफॉईडच्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का, एवढंच पाहतात. मारलेल्या जंतूंचं रंगीत द्रावण आणि रुग्णाचा रक्तद्रव एकत्र केला आणि प्रतिपिंडं असली, तर जंतू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. ‘ओ’ म्हणजे जंतूच्या अंगावरच्या घटकाविरुद्धची प्रतिपिंडं, ‘एच’ म्हणजे त्याच्या शेपटीसारख्या केसांविरुद्धची. कागदावर ‘एएच’ आणि ‘बीएच’ असंही असतं, ते पॅराटायफॉईडसाठी. फर्नांड विडाल यांनी १८९६ साली पॅरिसमध्ये ही पद्धत मांडली आणि तिचं मूळ तत्त्व आजही तेच आहे.

ती करण्याच्या पद्धती दोन. नळीतल्या पद्धतीत रक्तद्रव पायरीपायरीने दुप्पट पातळ करत जातात, १:२०, १:४०, १:८० असं १:६४० किंवा त्यापुढेही, प्रत्येक नळीत जंतूंचं द्रावण घालतात आणि नळ्या रात्रभर ३७ अंशांवर ठेवून सकाळी वाचतात. काचपट्टीवरच्या पद्धतीला एक मिनिट लागतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या लॅबमध्ये ही दुसरीच चालते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र कागदावर दोन्ही पद्धतींचे आकडे सारखेच दिसतात, म्हणून वाचणाऱ्याला ते सारख्याच वजनाचे वाटतात. तसे ते नसतात.

काचपट्टीवर १:८० हा आकडा येतो कुठून? तिथे खरं तर काहीच पातळ केलेलं नसतं. ८० मायक्रोलिटर रक्तद्रवात द्रावणाचा एक थेंब घालून गुठळी झाली तर ती नळीतल्या १:२० च्या तोडीची धरतात. ४० मायक्रोलिटर म्हणजे १:४०, २० म्हणजे १:८०, १० म्हणजे १:१६० आणि ५ म्हणजे १:३२०. म्हणजे १:१६० आणि १:३२० मधला सगळा फरक पाच मायक्रोलिटरचा. मायक्रोपिपेट बिघडलेलं असलं, किंवा ड्रॉपरने अंदाजे थेंब टाकला, तर आकडा एका पायरीने इकडेतिकडे सहज जातो. दुसरी गोष्ट वेळेची. मिश्रण पसरवून पट्टी हलवत एका मिनिटाला वाचायची असते. मध्ये फोन आला, कुणी रिपोर्ट न्यायला आलं आणि तीन-चार मिनिटं उलटली, की थेंबाच्या कडा सुकतात आणि कडेला बारीक दाणे दिसू लागतात. मे महिन्यात परभणीच्या एखाद्या खोलीत पंख्याखाली हे आणखी लवकर होतं. त्या दाण्यांना गुठळी समजून ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं जातं.

म्हणून लॅबवाल्यांनी तीन साध्या गोष्टी सोडू नयेत. रोजच्या पहिल्या विडालबरोबर किटमधलं पॉझिटिव्ह कंट्रोल आणि सलाईन, दोन्ही शेजारी लावायचं. सलाईनमध्येही दाणे दिसले तर द्रावण खराब झालं आहे, त्या दिवशी रिपोर्ट द्यायचा नाही. किट २ ते ८ अंशांत राहायला हवं. लोडशेडिंगमध्ये चार-चार तास बंद राहणारा फ्रिज किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेली बाटली, दोन्ही वाईट. आणि रिपोर्टवर ‘काचपट्टी पद्धत’ हे दोन शब्द लिहायचे. कागद वाचणाऱ्या डॉक्टरला त्यांचा फार उपयोग होतो.

इतकं सगळं बिनचूक झालं तरी खरी अडचण पुढेच आहे. ती लॅबची चूक नाही, जागेची आहे.

निरोगी माणसाचा विडाल किती असतो?

मराठवाड्यात पाणी कसं येतं हे सांगायला नको. आठ-दहा दिवसांनी नळ, उन्हाळ्यात टँकर, हौदात साठवलेलं पाणी, पावसाळ्यात गटाराच्या शेजारून गेलेल्या फुटक्या लाइनीतून येणारं गढूळ पाणी. इथे वाढलेल्या माणसाच्या पोटात टायफॉईडचे किंवा त्यांच्या भाऊबंद जातींचे जंतू कधी ना कधी गेलेले असतात. कधी खरा मुदतीचा ताप येऊन गेलेला असतो, तर कधी दोन दिवस अंग मोडून आलं आणि उतरलं, एवढंच आठवत असतं. शरीराने मात्र प्रतिपिंडं बनवलेली असतात. ‘ओ’ ची प्रतिपिंडं साधारण काही महिन्यांत ओसरतात. ‘एच’ ची वर्षानुवर्षं टिकू शकतात. शिवाय ‘ओ’ चे काही घटक साल्मोनेलाच्या इतर जातींतही सापडतात. त्यामुळे दुसऱ्याच जातीने झालेल्या जुलाबानंतरही तो आकडा दिसू शकतो.

गाडी गेल्यावर मातीत चाकोरी राहते. ती पाहून इथून गाडी गेली एवढं कळतं. आज सकाळी गेली की मागच्या पोळ्याला, ते कळत नाही. एकदाच केलेला विडाल अशी चाकोरी दाखवतो.

त्यामुळे कुठला आकडा ‘जास्त’ म्हणायचा, हे पुस्तकात पाहून ठरत नाही. ते त्या भागातल्या निरोगी लोकांवरून ठरवावं लागतं. हे काम जिल्ह्याच्या ठिकाणची कुठलीही बऱ्यापैकी लॅब करू शकते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

रक्तदान शिबिरातले किंवा नोकरीच्या तपासणीसाठी आलेले, गेल्या काही महिन्यांत ताप न आलेले, याच भागात राहणारे शंभर जण घ्यायचे. त्यांची परवानगी घ्यायची. आपण रोज वापरतो त्याच कंपनीच्या किटने आणि त्याच पद्धतीने सगळ्यांचा विडाल करायचा. मग मोजायचं. समजा ‘ओ’ साठी असं निघालं: ४८ जणांत काहीच नाही, २२ जणांत १:२०, १७ जणांत १:४०, ९ जणांत १:८०, तिघांत १:१६० आणि एकात १:३२०. हे आकडे फक्त रीत समजावी म्हणून घेतले आहेत, कुठल्या गावाचे नाहीत. यात १:८० किंवा त्याहून वर असलेले निरोगी लोक १३ झाले. म्हणजे १:८० ला पॉझिटिव्ह म्हटलं तर दर शंभर धडधाकट माणसांत तेरा जणांना टायफॉईडचा शिक्का बसणार. १:१६० ला रेघ ओढली तर चौघांना बसेल. निरोगी लोकांतल्या निदान ९५ टक्क्यांना वगळणारी पायरी धरायची, असा साधा संकेत आहे. तेव्हा या उदाहरणात ‘ओ’ ची रेघ १:१६० वर येते. ‘एच’ ची रेघ बहुधा आणखी एक पायरी वर जाते, कारण ती प्रतिपिंडं जास्त टिकतात.

किट बदललं की हे पुन्हा करायचं. पाच-सात वर्षं झाली की पुन्हा करायचं, कारण गावाला फिल्टरचं पाणी आलं की निरोगी लोकांतले आकडेही हळूहळू उतरतात. तुमच्या लॅबने हे कधीच केलेलं नसेल, तर निदान रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द छापू नका. आकडा लिहा आणि थांबा. अर्थ लावायचं काम डॉक्टरचं आहे.

तापाचा आज कितवा दिवस?

हा प्रश्न बहुतेक चिठ्ठ्यांवर लिहिलेलाच नसतो, आणि त्याच्याशिवाय कागद वाचता येत नाही. पहिल्यांदाच टायफॉईड झालेल्या माणसात ‘ओ’ ची प्रतिपिंडं पहिल्या आठवड्याच्या शेवटाला दिसू लागतात, ‘एच’ ची त्याच्या काही दिवसांनंतर. आपल्याकडे विडाल होतो तिसऱ्या दिवशी. तेव्हा खऱ्या टायफॉईडच्या रुग्णात ती अजून तयारही झालेली नसतात. म्हणून तिसऱ्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’ टायफॉईड नाही असं सांगत नाही, आणि तिसऱ्या दिवशीचा भरघोस ‘पॉझिटिव्ह’ तर उलट संशय वाढवणारा असतो, कारण तो आजच्या तापाचा असण्यापेक्षा जुना असण्याची शक्यता मोठी. हे पुष्कळांना उलटं वाटतं. म्हणून मुद्दाम सांगतो: ताप नवा आणि आकडा मोठा, तर आधी जुन्या टायफॉईडची चौकशी करा.

यात आणखी एक गुंता आहे. ज्याला पूर्वी टायफॉईड झालेला आहे, त्याला आज डेंग्यू किंवा मलेरिया झाला तरी त्या धामधुमीत जुनी प्रतिपिंडं, विशेषतः ‘एच’ ची, पुन्हा थोडी वर येऊ शकतात. म्हणजे ताप डेंग्यूचा आणि आकडा टायफॉईडचा. ‘दोन्ही झालंय, डेंगूबी आन टायफाईडबी’ असं जे सर्रास ऐकू येतं, त्यातलं बरंचसं इथून येतं.

औषधांचंही आहे. गावातल्या दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू झालेलं असलं, तर प्रतिपिंडं पुरेशी चढत नाहीत आणि खरा टायफॉईडही निगेटिव्ह दिसतो. तेव्हा चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात: तापाचा कितवा दिवस, आधी टायफॉईड कधी झाला होता, आणि कुठलं अँटिबायोटिक किती दिवस घेतलं. लॅबवाल्यांनी फॉर्मवरच हे तीन रकाने छापून घेतले तर काम सोपं होईल.

लसीबद्दल विचारलं जातं म्हणून थोडक्यात. आता मुलांना देतात ती कॉन्जुगेट लस जंतूच्या बाहेरच्या ‘व्हीआय’ नावाच्या आवरणाविरुद्ध असते. विडालमध्ये ते आवरण पाहिलं जात नाही, त्यामुळे या लसीने विडाल पॉझिटिव्ह येत नाही. पूर्वीच्या अख्ख्या मेलेल्या जंतूंच्या लसीने मात्र यायचा.

तोच आकडा, दोन रुग्ण

थोडं गणित करू, बेरीज-वजाबाकीचंच. समजा पावसाळ्याच्या शेवटी तापाचे शंभर रुग्ण आले आणि त्यांत खरे टायफॉईडचे दहा आहेत. बाकीचे डेंग्यू, मलेरिया, चिकुनगुन्या, साधा व्हायरल. असं धरू की विडाल खऱ्या दहांपैकी सातांना पकडतो आणि उरलेल्या नव्वदांपैकी पाचातल्या एकाला विनाकारण पॉझिटिव्ह ठरवतो. नव्वदांचा पाचवा भाग म्हणजे अठरा. तर पॉझिटिव्ह कागद निघाले पंचवीस, त्यांत टायफॉईडचे सात. चारांत एकाहून थोडे जास्त. उरलेले अठरा जण चुकीचं औषध घेत घरी जाणार.

आता वेगळी गर्दी घ्या. डॉक्टरने आधी तपासून शंभर जण निवडले: ताप आठवड्याहून जास्त, रोज थोडा थोडा चढत गेलेला, सर्दी-खोकला नाही, जीभ पांढरी, पोट फुगलेलं, प्लीहा हाताला लागते, मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह. यांत टायफॉईडचे चाळीस असतील असं धरू. तोच विडाल चाळीसांपैकी अठ्ठावीस पकडेल आणि साठांपैकी बारा विनाकारण. पॉझिटिव्ह चाळीस, खरे अठ्ठावीस. दहांत सात.

किट तेच, हात तोच, आकडाही तोच. बदलला तो फक्त रुग्णाला आधी तपासण्याचा भाग. म्हणून ‘ताप आहे, विडाल करून टाका’ ही सवयच मुळात गैर आहे. पाचव्या दिवसाच्या आत विडाल लिहूच नये, असं माझं सरळ मत आहे. त्याऐवजी डेंग्यूचं एनएस-१ करावं, पहिल्या पाच दिवसांत तेच जास्त उपयोगाचं.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

दर पावसाळ्यात दिसणाऱ्या रुग्णांचे तपशील एकत्र करून हे उदाहरण रचलं आहे. सतरा वर्षांचा मुलगा, निलंगा तालुक्यातला, नीटच्या क्लाससाठी लातूरला खोली घेऊन राहिलेला, जेवण मेसचं. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. सोमवारी दुपारी क्लासमध्येच एकदम थंडी वाजून १०३ ताप. गुरुवारी, म्हणजे चौथ्या दिवशी, शेजारच्या दवाखान्यातून काचपट्टीवरचा विडाल झाला: ओ १:१६०, एच १:३२०. आई गावाहून आली तेव्हा सेफ्ट्रियाक्सोनचा पहिला डोस शिरेतून गेलेला होता.

हा कागद घेऊन ते दुसरीकडे दाखवायला गेले. तिथल्या डॉक्टरांनी आकडा बाजूला ठेवून विचारलं, ‘मावशी, याला याआधी कधी टायफॉईड झाला होता का?’ आई म्हणाली, ‘झाला होता की. मागच्या दिवाळीला. पंधरा दिवस निलंग्याला अॅडमिट होता बघा.’ इथेच कागदाचं वजन निम्मं झालं. अकरा महिन्यांपूर्वीचा आजार खरा असेल, तर एच १:३२० त्याचाच उरलेला असू शकतो, आणि ताप आल्यामुळे थोडा चढलेलाही.

मग तापाची चाल. टायफॉईडचा ताप सहसा असा एका दुपारी १०३ वर उडी मारत नाही. दोन-तीन दिवस हळूहळू चढतो. या मुलाची कंबर आणि डोळ्यांमागचा भाग ठणकत होता, चेहरा लालसर होता, पोट मऊ होतं, प्लीहा लागत नव्हती. सीबीसीत पांढऱ्या पेशी २,९००, प्लेटलेट १ लाख १० हजार, हिमॅटोक्रिट ४६. पांढऱ्या पेशी टायफॉईडमध्येही कमी होतात, तेव्हा एवढ्यावर ठरवता येत नाही. पण इतक्या लवकर प्लेटलेट एवढ्या उतरणं आणि रक्त दाट होत जाणं डेंग्यूकडे बोट दाखवतं. चौथ्या दिवशीचं एनएस-१ पॉझिटिव्ह आलं. मलेरियाची पट्टी निगेटिव्ह.

मग टायफॉईड नाहीच, असं म्हणायचं का? डॉक्टरांनी घाई केली नाही. एक डोस आधीच गेलेला असूनही ब्लड कल्चरच्या दोन बाटल्या घेतल्या, सेफ्ट्रियाक्सोन थांबवलं आणि डेंग्यूसारखं सांभाळलं: पाणी आणि ओआरएस मोजून, तापाला फक्त पॅरासिटामॉल, दंडातली-कमरेतली इंजेक्शनं पूर्ण बंद, रोज सीबीसी. सहाव्या दिवशी ताप उतरला आणि प्लेटलेट ४८ हजारांवर गेल्या. नेमक्या याच दिवशी घरच्यांना वाटतं की टायफॉईडची सुई लागू पडली. डेंग्यूत खरी काळजी ताप उतरल्यावरच्या त्या एक-दोन दिवसांत घ्यायची असते. पोटात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, यांवर डोळा ठेवावा लागतो. हाच मुलगा ‘टायफॉईडचा कोर्स चालू आहे’ म्हणून खोलीवर एकटा असता, तर ते दिवस कुणी पाहिले नसते. चुकीच्या कागदाचा खरा धोका असा असतो. जास्तीच्या सुया टोचल्या गेल्या, यापेक्षा दुसऱ्या आजाराकडे कुणी पाहिलंच नाही, हे जास्त महागात पडतं.

कल्चरमध्ये पाच दिवसांत काही उगवलं नाही. दहा दिवसांनी ठेवून दिलेला पहिला रक्तद्रव आणि नव्याने घेतलेला, दोन्ही एकाच वेळी, एकाच किटने, नळीच्या पद्धतीने केले. पहिला ओ १:८०, एच १:३२०. दुसरा ओ १:८०, एच १:१६०. चढ नाही. काचपट्टीवरचं १:१६० नळीत १:८० निघालं, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

दुसरा नमुना कधी घ्यायचा

एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक जास्त बोलतो. सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्यायचे आणि निदान चौपट, म्हणजे दोन पायऱ्यांची वाढ पाहायची: १:४० वरून १:१६०, किंवा १:८० वरून १:३२०. एका पायरीचा फरक मोजायचा नाही, तो हाताचाही असू शकतो. दोन्ही नमुने एकाच बैठकीत लावावे लागतात, म्हणून पहिला रक्तद्रव फेकून न देता नाव-तारीख घालून डीप फ्रीझरला ठेवायचा. एक नमुना एका लॅबचा आणि दुसरा दुसऱ्या लॅबचा, अशी तुलना व्यर्थ आहे.

याच्याही मर्यादा आहेत. आपल्यासारख्या भागात पहिल्याच नमुन्यात आकडा वर असतो, किंवा औषधाने वाढ दबते, त्यामुळे खऱ्या टायफॉईडमध्येही चौपट चढ न दिसणं नवीन नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत रुग्ण बरा तरी झालेला असतो किंवा बिघडलेला तरी. उपचार ठरवायला हा मार्ग उशिराचा आहे.

मग निदान कशाने?

ब्लड कल्चरने. त्यात जंतूच उगवतो, आणि कुठल्या औषधाला तो दाद देतो तेही कळतं. आपल्याकडचे टायफॉईडचे जंतू सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिनच्या गटाला मोठ्या प्रमाणावर दाद देईनासे झाले आहेत, त्यामुळे ही माहिती शोभेची नाही.

कल्चरची तक्रार अशी असते की ‘काही उगवतच नाही’. एकदा केलेलं कल्चर खऱ्या टायफॉईडमध्ये साधारण निम्म्या वेळाच पॉझिटिव्ह येतं, हे खरं आहे. पण त्यात आपला हातभार मोठा असतो. या आजारात रक्तात जंतू फार थोडे असतात, बहुतेकदा एका मिलिलिटरला एकही भरत नाही. अशा वेळी सीबीसीच्या सिरिंजमधलं उरलेलं दोन मिलिलिटर रक्त बाटलीत टाकलं तर उगवणार काय? मोठ्या माणसाचं एका बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त हवं, शक्यतो दोन बाटल्या. लहान मुलांत वजनाप्रमाणे दोन ते चार मिलिलिटर.

रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी घ्यायचं. ‘आधी सुई देऊ, उद्या रक्त घेऊ’ म्हटलं की शक्यता बरीच घटते. पहिला आठवडा सगळ्यात चांगला. कातडी स्पिरिटने पुसून सुकू द्यायची, ओल्या जागेत सुई घालायची नाही, आणि बाटलीचं रबरही पुसायचं. मग बाटली फ्रिजमध्ये अजिबात ठेवायची नाही. विडालचं किट फ्रिजमध्ये ठेवायची सवय असलेल्या हातून ही चूक होते. ती साध्या तापमानाला ठेवून त्याच दिवशी पाठवायची. तालुक्याला सोय नसली तरी अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि संभाजीनगरच्या घाटीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि जिल्ह्याच्या गावातल्या खासगी लॅब बाटल्या आधी देऊन ठेवतात. दोन बाटल्या दवाखान्यात ठेवल्या तर रुग्णाला पाठवायची गरज नाही, नमुना गेला तरी चालतो. उगवलं तर बहुतेकदा दोन-तीन दिवसांत कळतं. काहीच नाही हे सांगायला पाच ते सात दिवस लागतात.

बाजारात आता ‘टायफी-आयजीएम’ अशा नावांच्या पट्ट्या विडालच्या जागी येत आहेत. त्याही प्रतिपिंडंच पाहतात. लवकर होतात, काचपट्टीइतक्या हाताच्या चुका त्यांत नसतात, पण वर सांगितलेली मूळची अडचण त्यांना चुकलेली नाही.

आणि कल्चर शक्यच नसेल तर? रुग्ण सात-आठ दिवस तापलेला, डेंग्यू-मलेरिया निगेटिव्ह, जीभ, पोट, प्लीहा सगळं टायफॉईडकडे बोट दाखवतंय, सीबीसीत इओसिनोफिल शून्य. अशा वेळी डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात आणि ते बरोबरच आहे. इओसिनोफिल शून्य असणं फुकटातली खूण आहे. एकटीवर निदान होत नाही, इतर तापांतही ते घटतात. पण ते भरपूर असतील तर मात्र टायफॉईडवर पुन्हा विचार करावा. अशा रुग्णाचा विडाल स्थानिक रेघेच्या वर आला तर त्याने पारडं थोडं झुकतं, एवढीच त्याची जागा. निगेटिव्ह आला म्हणून असं औषध बंद करायचं नाही.

बरं झाल्यावर

‘टायफॉईड किती कमी झाला ते बघू’ म्हणून कोर्स संपल्यावर पुन्हा विडाल करतात, आणि आकडा तसाच किंवा वाढलेला पाहून दुसरा कोर्स लावतात. ही सवय पूर्ण सोडायला हवी. प्रतिपिंडं आजार संपल्यावरही चढतात आणि महिनोन्‌महिने राहतात. त्यावरून जंतू उरला की गेला हे कळत नाही. बरं झालं की नाही हे ताप, भूक आणि पोट सांगतं. इथे एक धीर ठेवावा लागतो. औषध बरोबर असलं तरी टायफॉईडचा ताप उतरायला तीन ते पाच दिवस, कधी आठवडाही लागतो. तिसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून औषध बदललं की पुढचं काहीच नीट कळत नाही. पोटात अचानक जोराची कळ, काळी शी, पोट ताठ होणं किंवा रुग्ण गुंगीत जाणं दिसलं, तर मात्र वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आतड्याला भोक पडण्याचा धोका साधारण तिसऱ्या आठवड्यात असतो.

ताप उलटला, म्हणजे उतरून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा आला, तर विडाल नको. पुन्हा कल्चरच करा.

शेवटी एक वेगळाच वापर. मेस, ढाबे आणि वसतिगृहांच्या स्वयंपाक्यांना ‘टायफॉईड नाही’ असा दाखला देण्यासाठी विडाल करून घेतात. ज्याच्या पित्ताशयात जंतू घर करून बसले आहेत आणि शीतून बाहेर पडत आहेत, अशा माणसाला ताप नसतो आणि विडाल अनेकदा काहीच दाखवत नाही. उलट ज्याला पाच वर्षांपूर्वी टायफॉईड होऊन गेला, त्या निर्दोष आचाऱ्याचा ‘एच’ वर असतो आणि त्याची नोकरी जाते. त्या तपासणीसाठी शीचं कल्चर करावं लागतं, तेही एकदा नाही, काही दिवसांच्या अंतराने तीन वेळा.